साहेब अचानक गेले, तर मेल कसा लिहावा

तुम्ही एचआरमध्ये किंवा कॉर्पोरेट कम्युनिकेशनमध्ये असाल, तर कधी ना कधी एखाद्या गुरुवारी दुपारी साडेतीनला तुम्हाला केबिनमध्ये बोलावलं जाईल. दार लावून घ्यायला सांगतील आणि कळेल, की विक्रीप्रमुख आजपासून नाहीत. म्हणजे तसे ठणठणीत आहेत, फक्त इथे नाहीत. लॅपटॉप जमा झालाय, मेल आयडी पाचला बंद होतोय, आणि सहाच्या आत तुम्हाला सगळ्या कंपनीला हे कळवायचं आहे. अट एकच. कळवायचं, पण कुणाला काही कळता कामा नये.

घाबरू नका. हे काम आजवर भल्याभल्यांनी केलं आहे.

आधी क्रम ठरवा. काही भाबडे लोक सांगतात, की साहेबांच्या हाताखालच्या पाच-सहा जणांना आधी समोर बसवून सांगावं, मग त्यांच्या विभागाला, आणि मग सगळ्यांना मेल पाठवावा. मध्ये अर्ध्या तासाचं अंतर पुरतं म्हणे. या भानगडीत पडू नका. समोर बसवलेली माणसं प्रश्न विचारतात. त्यापेक्षा सगळ्यांना एकदम मेल ठोका. साहेबांबरोबर बारा वर्षं काढलेल्या रीजनल मॅनेजरला आणि कालच रुजू झालेल्या ट्रेनीला एकाच सेकंदाला कळलं पाहिजे. समता म्हणतात ती हीच. मॅनेजर तेव्हा चाकणला ग्राहकाच्या गेटवर असेल आणि परचेसवाला त्याला म्हणेल, "काय हो, तुमचे साहेब गेले म्हणे?" त्यावर तो बाणेदारपणे म्हणेल, "छे, कोण म्हणतं?" कंपनीवर एवढी निष्ठा असणारी माणसं हल्ली मिळत नाहीत.

कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल, तर मामला जरा नाजूक. वरिष्ठ अधिकाऱ्याचा राजीनामा आला, की सेबीच्या नियमानुसार २४ तासांत एक्स्चेंजला कळवावं लागतं. यात फक्त एमडी आणि सीएफओच येतात असं नाही, विभागांचे प्रमुखही येतात. तेव्हा अनुभवी मंडळी काय करतात? आधी एक्स्चेंजला कळवतात, आणि कर्मचाऱ्यांना 'मजकूर अप्रूव्ह झाला की' कळवतात. मधल्या चार तासांत कर्मचाऱ्यांच्या मोबाइलवर शेअरच्या अॅपची सूचना वाजते आणि ती पीडीएफ सगळ्या ग्रुपांवर फिरून येते. मग तुमचा मेल येतो: 'ही बातमी सर्वप्रथम आपल्या परिवाराला सांगताना...'

आता कारण. कारण 'वैयक्तिक' लिहा. ते कुणालाही बसतं. पण इथे एक खड्डा आहे. जुलै २०२३ पासून नियम असा, की राजीनाम्याचं पत्र, त्यात लिहिलेल्या सविस्तर कारणांसह, राजीनामा लागू झाल्यापासून सात दिवसांत एक्स्चेंजकडे द्यावं लागतं. म्हणजे तुमच्या मेलात साहेब 'कुटुंबाला वेळ देण्यासाठी' गेलेले असतात आणि पाच दिवसांनी त्यांच्याच सहीचं पत्र भलतंच काही सांगतं. २०२५च्या एप्रिलमध्ये इंडसइंड बँकेचे एमडी सुमंत कठपालिया गेले ते नैतिक जबाबदारी स्वीकारतो असं पत्रात लिहून. अशा वेळी 'कुटुंबाला वेळ' कुठे खपवणार? सुदैवाने नियमातच वाट आहे: कारणं 'त्या अधिकाऱ्याने दिली असतील तशी' द्यायची. तेव्हा मेल लिहिण्याआधी पत्र लिहून घ्या. पत्रात 'वैयक्तिक' आलं, की मेलातही 'वैयक्तिक', आणि नियमही तृप्त. शेवटच्या हिशेबाचा धनादेश कधी निघणार, हे याच बैठकीत सांगण्याची पद्धत आहे. शुद्धलेखन सुधारतं.

'सुरळीत हस्तांतरण' हा शब्द मेलात हवाच. तो कसा वापरावा हे पाहायला इन्फोसिसचा किस्सा आठवा. १८ ऑगस्ट २०१७, शुक्रवार. सीईओ विशाल सिक्का पायउतार झाले. पत्रात 'वैयक्तिक' वगैरे काही नव्हतं. वैयक्तिक हल्ले आणि सततचे अडथळे असह्य झाल्याचं त्यांनी सरळ लिहिलं होतं. संचालक मंडळाने तर पत्रक काढून थेट संस्थापक नारायण मूर्तींकडे बोट दाखवलं. त्याच दिवशी प्रवीण राव हंगामी सीईओ झाले. आणि हस्तांतरण सुरळीत व्हावं म्हणून सिक्का ३१ मार्च २०१८ पर्यंत कार्यकारी उपाध्यक्ष म्हणून राहतील, असं जाहीर झालं. म्हणजे सात महिन्यांची भक्कम सोय. शेअर दिवसभरात जवळपास १० टक्क्यांनी आपटला. पुढच्या गुरुवारी, २४ ऑगस्टला, नंदन नीलेकणी अध्यक्ष म्हणून परतले. सिक्का उपाध्यक्षपदावरूनही गेले, जुने अध्यक्ष शेषशायी गेले, आणखी दोन संचालक गेले. सात महिन्यांचं हस्तांतरण सहा दिवसांत पार पडलं. याहून सुरळीत काय असतं?

यातून काही हितशत्रू असा निष्कर्ष काढतात, की वाद चालू असताना मेलात लांबच्या तारखा घालू नयेत, जे आज ठरलंय तेवढंच लिहावं आणि पुढचं कधी कळवू तो दिवस सांगावा. टाटा सन्सने २४ ऑक्टोबर २०१६ ला सायरस मिस्त्रींना हटवलं, तेव्हा निदान इतकं तरी सांगितलं होतं: रतन टाटा हंगामी अध्यक्ष, नवा अध्यक्ष शोधायला पाच जणांची समिती, मुदत चार महिने. आणि खरंच, १२ जानेवारीला चंद्रशेखरन यांचं नाव जाहीर झालं, फेब्रुवारीत ते रुजू झाले. मुदत सांगून ती पाळायची, ही फारच जोखमीची सवय. का हटवलं हे मात्र त्या दिवशी नीट सांगितलं नाही. ती पोकळी मिस्त्रींनी संचालकांना लिहिलेल्या लांबलचक मेलने भरून काढली. तो दोन दिवसांत फुटला, आणि कर्मचाऱ्यांनी अधिकृत निवेदनापेक्षा तोच मन लावून वाचला. तुम्ही जे लिहीत नाही ते दुसरं कुणीतरी लिहितं, आणि त्याची भाषा बहुधा तुमच्यापेक्षा बरी असते.

आभाराच्या परिच्छेदावर फार डोकं घालू नका. तो सगळे फक्त मोजतात. साहेब स्वतःहून गेले असतील तर सहा ओळी, दोन प्रकल्पांची नावं आणि निरोप समारंभाची तारीख. घालवले असतील तर 'त्यांच्या योगदानाबद्दल आभार, पुढील वाटचालीस शुभेच्छा', बस्स. समारंभाची ओळ नाही हे मेल उघडताच शिपायालाही कळतं. त्यामुळे 'वैयक्तिक कारण' लिहिण्यावर घातलेले दोन तास इथे दोन सेकंदांत वाया जातात. इलाज नाही.

आता खरी कलाकुसर: हंगामी व्यवस्था. वरच्या खुर्च्यांबाबत कायद्याने थोडा विरस केलाय. नोंदणीकृत कंपनीत सीईओ, एमडी किंवा सीएफओची जागा तीन महिन्यांत भरावी लागते. बँकेसारखी नियामकाची परवानगी लागणार असेल तर सहा. आणि 'हंगामी' म्हणून कुणालाही नुसतं बसवता येत नाही. कायम नेमणुकीचे सगळे सोपस्कार त्याच्यासाठीही करावे लागतात. बँकेचं तर आणखी वेगळं. इंडसइंडमध्ये रिझर्व्ह बँकेच्या मंजुरीने दोन अधिकाऱ्यांची समिती बसली, तिच्यावर देखरेखीला संचालकांची दुसरी समिती, आणि ऑगस्टमध्ये राजीव आनंद येईपर्यंत कारभार असाच चालला.

पण आपले विक्रीप्रमुख त्याहून खालचे. तिथे पूर्ण मोकळीक. लिहा: 'पुढील सूचनेपर्यंत पश्चिम विभागाचे प्रमुख हा अतिरिक्त कार्यभार सांभाळतील आणि नेतृत्व मंडळ त्यांना मार्गदर्शन करेल.' वाक्य भरीव वाटतं. यात सही कुणाची चालणार ते कुठेच नाही, हेच त्याचं सौंदर्य.

हे सौंदर्य सोमवारी खुलतं. समजा, पाच टक्क्यांपर्यंतची सूट रीजनल मॅनेजर देतो आणि त्यापुढची विक्रीप्रमुख मंजूर करतात. एका ग्राहकाला आठ टक्के हवेत. अर्ज सिस्टिममध्ये टाकला, की तो साहेबांच्या आयडीकडे जातो. तो आयडी गुरुवारी पाचला आयटीने बंद केलाय. अर्ज परत येत नाही, नाकारलाही जात नाही. तिथेच पिवळा होऊन बसतो. हंगामी साहेबांना फोन केला तर ते म्हणतात, "माझी मर्यादा अजून पाचच आहे हो, वाढवल्याचं पत्र आलेलं नाही." फायनान्स म्हणतं पत्र एचआर देईल, एचआर म्हणतं मेल पाठवलाय की! त्याच रांगेत कुणाची प्रवासबिलं आहेत, कुणाची लग्नाची रजा आहे आणि एका मुलीचं कन्फर्मेशनचं पत्र आहे. बुधवारी ग्राहक दुसरीकडून माल उचलतो. महिनाअखेरीस याची नोंद 'बाजारातील मंदी' अशी होते.

हे टाळायला मेलात फार तर चार ओळी लागल्या असत्या: अमुक तारखेपासून कोण, किती रकमेपर्यंत, कोणत्या मंजुऱ्या देईल, रजा आणि मूल्यमापन कुणाकडे, आणि सिस्टिममधला अधिकार बदललाय की नाही. पण त्यासाठी मेल पाठवण्यापूर्वी आयटी आणि फायनान्सला विश्वासात घ्यावं लागतं. गोपनीयतेचं काय मग?

उरलं आश्वासन. 'घाबरण्याचं कारण नाही' हे वाक्य तोवर न घाबरलेल्यांसाठी असतं. 'कोणतीही नोकरकपात विचाराधीन नाही' हे कुणी विचारलेलं नसताना लिहिलंत, तर त्याच संध्याकाळी निम्मा विभाग बायोडेटा अपडेट करतो. लोकांचे प्रश्न छोटे असतात. यंदाचं रेटिंग कोण देणार? साहेबांनी तोंडी कबूल केलेली बढती धरायची की सोडायची? तिमाहीचं टार्गेट तेच आहे का? यांतल्या एकालाही हात लावू नका. त्याऐवजी 'माझं दार सदैव उघडं आहे' असं लिहून टाउनहॉल ठेवा आणि पहिला प्रश्न कुणी विचारायचा ते आदल्या दिवशी ठरवा. प्रश्न कॅन्टीनबद्दल असावा.

काही महिन्यांनी कायमचे साहेब बाहेरून येतील. इन्फोसिसमध्ये जानेवारी २०१८ मध्ये सलील पारेख आले आणि प्रवीण राव पुन्हा आपल्या सीओओच्या कामाला लागले. तुमच्याकडेही स्वागताचा मेल तीन परिच्छेदांचा होईल: नव्या साहेबांचं शिक्षण, अनुभव, मॅरेथॉनची आवड. सहा महिने पाच टक्क्यांच्या मर्यादेत गाडा ओढणाऱ्या पश्चिम विभागप्रमुखांचे आभार शेवटच्या ओळीत 'तसेच' लावून माना. मेल गेला, की मग आठवेल, की मधल्या काळात तुमचं दिल्लीचं प्रवासबिल त्यांच्याच खात्यावर लावलं होतं, आणि त्यांची सही अजून व्हायची आहे.