‘स्वखुशीने गेले होते’ म्हणे!

आज सकाळी आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एकाने ज्ञान पाजळलं: “मॉरिशसला गेलेले आपले लोक स्वखुशीने गेले होते, करार करून. गुलाम वेगळे.” खाली अंगठ्यांची रांग. डोकंच फिरलं.

गेल्या गणपतीत मॉरिशसचं एक मराठी कुटुंब आमच्याकडे आलं होतं. हातात खापरपणजोबांच्या सरकारी नोंदीची प्रत. नंबर, जहाज, जिल्हा रत्नागिरी आणि गावाचं नाव असं काही लिहिलेलं की आम्हा कोकणातल्या माणसांनाही लागेना.

आता हा ‘करार’ बघा. 1 फेब्रुवारी 1835ला मॉरिशसमध्ये गुलामी कायद्याने संपली. साठ हजारांहून जास्त माणसं सुटली. भरपाई कुणाला? मालकांना! सुमारे वीस लाख पौंड. सुटलेल्यांना दमडी नाही, उलट ‘शिकाऊ’ म्हणून 1839पर्यंत त्याच मालकांकडे सक्तीचं काम. ते संपल्यावर बहुतेकांनी मळ्यांकडे पाठ फिरवली. पण साखरेला तर तेजी होती, कारण 1825पासून मॉरिशसच्या साखरेला ब्रिटनमध्ये वेस्ट इंडीजच्या साखरेइतकीच कमी जकात लागत होती. ऊस तोडणार कोण? मळेवाल्यांनी ते आधीच ओळखलं होतं. 2 नोव्हेंबर 1834लाच ‘अ‍ॅटलस’ जहाजातून कलकत्त्याहून 36 मजूर उतरले होते. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये. पुढे साडेचार लाखांवर माणसं गेली, त्यात मुंबई बंदरातून आपलीही.

मान्य, पगार होता, मुदत होती. पण एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांचा पगार कापायचे. महिन्याचे 26 दिवस धरा. तापाने सहा दिवस पडलात तर काम वीस दिवसांचं आणि हातात पैसे चौदा दिवसांचे. करार मोडला तर तुरुंग. मुदत संपली तरी 1867च्या कायद्याने फोटो चिकटवलेला पास जवळ हवा, नसला की पोलीस धरणार. आमच्या पाहुण्यांकडच्या त्या नोंदीतही फोटो होता. चेहरा घाबरलेला. ही स्वखुशी?

(दुष्काळ आणि सावकार मागे लागल्यावर माणूस कशालाही अंगठा देतो, हे आपल्याला कुणी सांगायला नको.)

तरीही ‘म्हणजे गुलामीच’ असं म्हणणाऱ्यांशीही माझं पटत नाही. गुलामाचं मूल जन्मतःच मालकाचं. मादागास्कर, मोझांबिकहून ओढून आणलेल्यांचं नावसुद्धा मालक ठेवायचा. आमच्या पाहुण्यांना निदान शोधायला एक जिल्हा तरी होता. आणि 1880च्या आसपास साखरेचे भाव पडले, तेव्हा मालकांनी कडेची जमीन तुकड्यांनी विकायला काढली. ती घेतली मुख्यतः करारातून सुटलेल्या हिंदी मजुरांनी, पै-पै साठवून. गुलामांच्या वंशजांच्या वाट्याला त्यातलं फारच थोडं आलं, आणि तिथल्या क्रिओल, म्हणजे याच वंशजांच्या, वस्त्यांतली गरिबी आजही तिथून मोजावी लागते.