फेस आला म्हणजे मळ जळाला असे नाही

“इअरबड्स वापरणाऱ्यांनो, सावधान! त्यांच्यामुळे कानात मळ तयार होतो. दर रविवारी कानात हायड्रोजन पेरॉक्साइड घाला, फेस आला की मळ जळाला समजा, मग कापसाच्या काडीने खोलवर पुसा. उरलेले औषध इअरबड्सच्या जाळीवर ओता.”

माझ्या धाकट्या बहिणीला कामासाठी दिवसभर इअरबड्स लावावे लागतात आणि हा संदेश वाचून ती केमिस्टकडून बाटलीही घेऊन आली, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

पेरॉक्साइडचा त्वचेतील विकराशी संबंध आला की त्यातून ऑक्सिजन सुटतो आणि फेस दिसतो. त्यात काहीही जळत नाही. फेसाने मळ सैल होतो, एवढे मान्य करावे लागेल. पण पडद्याला छिद्र असेल तर हेच द्रव मधल्या कानात उतरते, आणि छिद्र आहे की नाही हे घरी कळत नाही.

काडीचा सल्ला मात्र निव्वळ घातक आहे. मळ कानाच्या नळीच्या बाहेरच्या एक तृतीयांश भागातच तयार होतो आणि त्वचेच्या वाढीबरोबर, जबड्याच्या हालचालीबरोबर आपोआप बाहेर सरकतो. काडी त्याला उलट आत लोटते, जिथे त्वचा फार पातळ असते. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वे कानात काडी घालू नका असे स्पष्ट सांगतात; मळ मऊ करणारे कोणतेही एक द्रव दुसऱ्यापेक्षा सरस ठरलेले नाही, असेही त्यांत नमूद आहे. त्रास नसेल तर मळ काढण्याची गरजच नाही.

इअरबड्समुळे मळ ‘तयार’ होत नाही. तासन्‌तास बसवून ठेवल्यास त्याची बाहेरची वाट मात्र अडते, म्हणून संदेशातले ते विधान अर्धसत्य आहे.

जाळीवर द्रव ओतल्यास विरघळलेला मळ आत स्पीकरपर्यंत जातो. त्याऐवजी सिलिकॉनच्या टोप्या काढून कोमट साबणपाण्याने धुवाव्यात आणि पूर्ण वाळल्यावरच बसवाव्यात; जाळी खाली धरून कोरड्या मऊ ब्रशने झाडावी, म्हणजे सुटलेला कण आत न जाता खाली पडतो.

बहिणीची तक्रार डाव्या बाजूचा आवाज दबल्याची होती. मी तिला डावा इअरबड उजव्या कानाशी धरून ऐकायला सांगितले. तिथेही तो क्षीणच वाजला, म्हणजे दोष इअरबडमध्ये होता. तो तिथे नीट वाजला असता तर कान तपासून घ्यावा लागला असता. पावसाळ्यात आंघोळीनंतर ओल्या कानात लगेच इअरबड्स घातल्यास बुरशी वाढू शकते. खाज आणि काळसर ठिपके दिसले, तर तेल न घालता कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. आणि एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर मळ असेल असे गृहीत धरून रविवारची वाट न पाहता त्याच दिवशी जावे, कारण आतल्या कानाच्या नसेचा विकार असल्यास उपचाराला उशीर परवडत नाही.