‘फक्त फेज ओढली तरी भागतं’ म्हणणाऱ्या वाचकांना

‘इन्व्हर्टरला स्वतःचा वेगळा न्यूट्रल ओढा’ असं मी आधीच्या लेखात लिहिलं होतं, त्यावर आलेली प्रतिक्रिया: “लेख वाचला. इन्व्हर्टरला वेगळा न्यूट्रल ओढायचा म्हणजे घरभर भिंती फोडायच्या का? आमच्याकडे ८ वर्षं फक्त एक फेजची वायर वर नेऊन सगळं चालू आहे, काहीही झालेलं नाही. फ्रीजसुद्धा चालतो. मी स्वतः इंजिनिअर आहे. ज्यांनी आयुष्यात हातात पक्कड धरली नाही त्यांनी लोकांना उगाच घाबरवू नये. बॅकअपचे तासही तुम्ही फारच कमी धरलेत.”

नमस्कार साहेब,

प्रतिक्रिया तीनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा हसू आलं, तिसऱ्यांदा वाटलं की उत्तर द्यायलाच हवं, कारण खाली चौघांनी तुम्हाला अंगठा दिलाय.

आधी पक्कड. माझे वडील वायरमन होते, परवानाधारक. दहावीच्या सुट्टीत मी त्यांची शिडी धरायचो, अकरावीत बोर्ड भरायला लागलो. २००५-०६ च्या सुमारास भारनियमन ऐन भरात होतं, तेव्हा नाशिक भागात आम्ही बापलेकांनी घरोघर इन्व्हर्टर बसवले. किती ते मोजलं नाही, पण उजव्या हाताच्या अंगठ्यावरचा घट्टा अजून आहे. तेव्हा पक्कड राहू द्या. तुम्ही इंजिनिअर आहात यात मला शंका नाही. कोणत्या शाखेचे ते तुम्ही लिहिलं नाहीत, मीही विचारत नाही.

एक गोष्ट मान्य. ‘भिंत फोडावी लागली तरी चालेल’ असं मी लिहिलं होतं, ते जरा आगाऊपणाचं झालं. जुन्या घरात केसिंग पट्टी मारून काम होतं, आणि पाइप मोकळा असेल तर फेजसोबत न्यूट्रलही त्याच स्प्रिंगने ओढता येतो. फोडाफोडीची वेळ क्वचितच येते. चूक कबूल.

पण तुमच्या सगळ्या प्रतिक्रियेत ज्या वाक्याने मला झोप लागू दिली नाही, ते ‘काहीही झालेलं नाही’ हे. साहेब, काही झालेलं नाही हा पुरावा नसतो. त्यावर जरा सविस्तर बोलतो.

माझ्या मावसभावाचं रो-हाऊस आहे. तळमजला आणि वर दोन खोल्या. बिल्डरने डीबीत, म्हणजे घराच्या मेन बोर्डात, गळती दिसली की वीज तोडणारे दोन आरसीसीबी दिले होते, तळमजल्याला एक, वरच्या मजल्याला एक, दोन्ही ३० मिलिॲम्पिअरचे. (लोक अजून ईएलसीबीच म्हणतात, चालेल.) इन्व्हर्टर तळमजल्यावर, जिन्याखाली. ज्याने बसवला त्याने नेमकं तेच केलं जे तुमच्याकडे झालंय. इन्व्हर्टरच्या आउटपुटमधून एकच लाल वायर वर नेली, वरच्या दोन्ही बोर्डांत दिवे-पंख्यांचा लूप कापून तिथे जोडली, आणि न्यूट्रल घरातला होता तोच ठेवला.

संध्याकाळी वहिनींनी वरच्या बेडरूमचा दिवा लावला आणि खालचं अर्धं घर गेलं.

का गेलं ते बघा, इंजिनिअर आहात म्हणून पटकन कळेल. आरसीसीबी एवढंच बघतो की फेजमधून जेवढा करंट गेला तेवढा न्यूट्रलमधून परत आला की नाही. वरच्या दिव्याचा करंट इन्व्हर्टरच्या सॉकेटमधून, म्हणजे खालच्या आरसीसीबीतून गेला, आणि परत आला वरच्या आरसीसीबीच्या न्यूट्रलमधून. खालच्याला वाटलं गळती आहे. वरच्याला न गेलेला करंट परत येताना दिसला, म्हणजे त्यालाही गळतीच. आधी कोण पडेल एवढाच प्रश्न. आणि त्याला मोठा लोड लागत नाही. ९ वॅटचा एलईडी बल्ब २३० व्होल्टवर जवळपास ४० मिलिॲम्पिअर घेतो. ३० चा आरसीसीबी पाडायला तेवढा एक बल्ब पुरतो.

यातली खरी गंमत पुढे आहे. मावसभाऊ म्हणाला, “मग लाइट गेल्यावर तरी चालेल ना?” नाही चालत. मेन गेलेली असली तरी इन्व्हर्टरचा करंट परत यायला रस्ता तोच, वरच्या आरसीसीबीचा न्यूट्रल, तिथून बसबार, तिथून खालच्या आरसीसीबीचा न्यूट्रल, मग सॉकेट आणि इन्व्हर्टर. फेजच्या पोलमधून काहीच जात नाही, न्यूट्रलमधून जातं. आरसीसीबी पडतो, न्यूट्रल तुटतो, आणि बॅटरी भरलेली असून वरचा मजला अंधारात.

मग ‘इलेक्ट्रिशियन’ परत आला. नाव घेत नाही. त्याने दोन्ही आरसीसीबी काढून तिथे साधे आयसोलेटर बसवले आणि “आता त्रास नाही” म्हणून गेला. खरंच त्रास झाला नाही. दीड वर्ष ‘काहीही झालं नाही’. मग एके दिवशी माझी मावशी ओल्या हाताने वॉशिंग मशीनचं झाकण उघडायला गेली. मशीनच्या प्लगमधली अर्थिंगची तार तुटलेली होती आणि आत गळती होती. हात चिकटला नाही म्हणून मावशी आज आहे. खांदा भिंतीवर आपटला तो मात्र अजून पूर्ण वर होत नाही. आरसीसीबी जागेवर असता तर तो पडला असता आणि मावशी दचकण्यापलीकडे काही झालं नसतं. वॉशिंग मशीनचा इन्व्हर्टरशी काडीचा संबंध नव्हता, पण इन्व्हर्टरच्या एका न ओढलेल्या वायरने तिचं संरक्षण काढून घेतलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, आमच्याकडे आरसीसीबी पडत नाही. शक्य आहे. तुमच्या घरात एकच आरसीसीबी असेल आणि इन्व्हर्टरचं सॉकेट त्याच्याच पुढे असेल, तर गेलेलं आणि आलेलं जमतं, तो पडणार नाही. किंवा मुळात आरसीसीबीच नसेल. किंवा (हे मी आवडीने लिहीत नाही) कुणीतरी तो कधीच काढलेला असेल. यातलं कोणतं आहे हे तुम्ही लिहिलं नाहीत, आणि ते माहीत असल्याशिवाय ‘भागतं’ हा शब्द वापरणं मला इंजिनिअरला शोभणारं वाटत नाही.

आणि आरसीसीबी पडत नसेल तरी एक गोष्ट उरतेच. तुमच्या बोर्डांत इन्व्हर्टरच्या दिव्यांचा आणि मेनवरच्या पॉइंटचा न्यूट्रल एकच दीड स्क्वेअर एमएमची वायर असेल, तर दोन एमसीबींचा करंट एका वायरीत जमा होतो. फेजला प्रत्येकी एमसीबी आहे, न्यूट्रलला कुणी विचारत नाही. तो गरम होतो तेव्हा काही पडत नाही, फक्त बोर्डाच्या मागे प्लास्टिकचा वास येतो. तो वास मी ओळखतो.

घरी तपासायला उपकरण लागत नाही. रात्री इन्व्हर्टरवरचा एक दिवा लावा. मेन स्विच बंद करा, दिवा इन्व्हर्टरवर चालू राहील. आता इन्व्हर्टरची पिन सॉकेटमधून ओढून काढा, नुसतं सॉकेटचं बटण बंद करून उपयोग नाही, ते फक्त फेज तोडतं. पिनेच्या पितळेला हात लावू नका. दिवा चालू राहिला तर फेज आणि न्यूट्रल दोन्ही इन्व्हर्टरपासून वेगळे आलेत, तुमचा वायरमन शहाणा होता. दिवा विझला तर तुमचा न्यूट्रल मेनच्या रस्त्याने परत जातोय, आणि त्या क्षणी घरातला ‘बंद’ न्यूट्रल त्या दिव्यातून इन्व्हर्टरच्या फेजला जोडलेला आहे. उद्या कुणी मेन पाडून, निर्धास्तपणे बोर्ड उघडून त्या न्यूट्रलचा जोड सोडवला तर काय होईल ते तुम्हाला मी सांगायला नको. विझला तर लगेच पिन परत लावा, मग मेन चालू करा.

मावसभावाकडे दुरुस्ती अशी केली. इन्व्हर्टरशेजारी चार मॉड्यूलची छोटी डीबी, आउटपुटचा फेज आणि न्यूट्रल दोन्ही आधी तिथे. त्यात एक दोन पोलचा ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, मग ६ ॲम्पिअरच्या दोन एमसीबी, एक खालच्या मजल्याला, एक वरच्या. प्रत्येक एमसीबीबरोबर स्वतःचा न्यूट्रल. प्रत्येक बोर्डात इन्व्हर्टरचे आणि मेनचे दोन्ही लूप कापून वेगळे केले, फेजचाही आणि न्यूट्रलचाही. दीडच्या वायरचं एक बंडल, म्हणजे ९० मीटर, त्यातलं थोडं उरलं. डीबीतले दोन्ही जुने आरसीसीबी परत जागेवर. काम एका दिवसात झालं, भिंत फोडली नाही. (हे मी लेखात लिहायला हवं होतं, वर कबूल केलंच आहे.)

लूप कापण्यात एक बोर्ड चुकला तर काय होतं तेही सांगतो, कारण हे मी स्वतः केलंय. माझ्याकडून किचनच्या बोर्डातला फेजचा एक छोटा तुकडा राहिला आणि इन्व्हर्टरचा फेज मेनच्या फेजला भिडला. पहिल्यांदा लाइट गेली तेव्हा इन्व्हर्टरने अख्खं घर उचलायचा प्रयत्न केला, ओरडला आणि बंद झाला. नशीब, लाइट परत आली तेव्हा तो बंदच होता. चालू असता तर आउटपुटवर मेन आदळून कार्ड जळालं असतं. वडील काही बोलले नाहीत, फक्त मला सगळे बोर्ड परत उघडायला लावले.

बाकीचं थोडक्यात. फ्रीज: प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर आणि लहान फ्रीज असेल तर चालतो, मी सरसकट ‘नको’ लिहिलं ते ताणलेलं होतं. पण तो बॅटरी खातो आणि दार उघडलं नाही तर दोन-तीन तास तसाही थंड राहतो. तास: १५० एएचची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-अवर, इन्व्हर्टरमधली घट आणि बॅटरी पूर्ण न पिळण्याचा शहाणपणा धरून हाती ११०० ते १२००. रात्री दोन साधे पंखे, राउटर आणि एक छोटा दिवा म्हणजे १८० वॅट, सहा तास धरा. तुमची बॅटरी यापेक्षा जास्त देत असेल तर आनंद आहे.

मिक्सर आणि १६ ॲम्पिअरचे पॉइंट इन्व्हर्टरवर घेण्याबद्दल तुम्ही काही म्हणाला नाहीत, म्हणजे तेवढं तरी पटलं असं धरतो.

पिन काढून बघाल तेव्हा दिवा चालू राहिला की विझला, तेवढं इथे लिहा. चालू राहिला तर तुमच्या वायरमनची माफी मी इथेच मागेन. त्याची, तुमची नाही.