सात मिलीमीटरचं पॉकेट आणि तरी आधी सफाई?

«डॉक्टर, तुम्ही लिहिलंय की हिरडीतलं पॉकेट कितीही खोल असलं तरी आधी सफाई, मग बघू. माझ्या वडिलांनी तेच केलं. सात मिलीमीटरची पॉकेट्स होती, सफाईचे पैसे भरले, तीन महिने थांबले आणि शेवटी हिरडी उघडून फ्लॅप करावाच लागला. मग तो आधीच का नाही केला? अर्धवट उपचार सुचवून पेशंटला दोनदा खुर्चीत बसवण्याचा हा प्रकार वाटतो.» (एक वाचक, फोंडा)

नमस्कार. तुमचा राग समजतो, आणि त्यातला एक भाग माझ्या लेखाच्या पदरात टाकायला हवा. ‘मग बघू’ हे मी फार सहज लिहून गेलो. काय बघायचं, कुठल्या आकड्यावर निर्णय घ्यायचा, हे तिथेच सांगायला हवं होतं. ते आता सांगतो.

सुरुवात त्या सात मिलीमीटरपासूनच करू. हिरडी आणि दात यांच्यामधली फट, म्हणजेच पॉकेट, आम्ही खुणा असलेल्या बोथट सळईने, म्हणजे प्रोबने, प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी मोजतो. निरोगी हिरडीत ही फट तीन मिलीमीटरपर्यंत असते. पण सुजलेल्या, रक्ताळलेल्या हिरडीत दोन गोष्टी होतात. हिरडीची कड फुगून वर येते, आणि तळाचा भाग इतका मऊ झालेला असतो की प्रोब खऱ्या तळाच्याही थोडा पुढे घुसतो. म्हणजे पहिल्या दिवशीच्या सातातला काही भाग निव्वळ सुजेचा असतो. तो किती, हे त्या दिवशी कुणालाच सांगता येत नाही. मुळावरचा कीट निघाला, सूज उतरली, हिरडी दाताला घट्ट बसली, की मग मोजल्यावर कळतं.

नावं न सांगता माझ्याकडची एक केस देतो. साखळीकडचे एक गृहस्थ, पन्नाशी ओलांडलेले. चवथीच्या आधी काय ते सगळं उरकून टाका, हा त्यांचा आग्रह. तीन जागा लक्षात ठेवा: खालचा पुढचा दात सहा मिलीमीटर, वरची उपदाढ सात, आणि खालची उजवी पहिली दाढ गालाच्या बाजूने सात. तिन्ही ठिकाणी प्रोब लावताच रक्त. आकड्यांवरूनच ठरवायचं असतं तर तिन्ही जागी फ्लॅप झाला असता.

आधी भूल देऊन, दोन बैठकींत, अल्ट्रासॉनिक आणि हाताच्या क्युरेटने मुळं साफ केली. हे थोडं खुलासेवार सांगतो, कारण तुमच्या वडिलांची ‘सफाई’ नेमकी कोणती होती ते मला माहीत नाही. भूल न देता वीस मिनिटांत सगळं तोंड चकाचक करतात, ते स्केलिंग बहुतेक हिरडीच्या वरचं असतं. सात मिलीमीटर खोल मुळाला त्याने फारसा फरक पडत नाही. रूट प्लेनिंग म्हणजे क्युरेट पॉकेटच्या तळापर्यंत नेऊन मुळाचा पृष्ठभाग बोटाला गुळगुळीत लागेपर्यंत घासणं. एका दाढेलाही त्यात बराच वेळ जातो.

दहा आठवड्यांनी, चवथ होऊन गेल्यावर, परत मोजलं. पुढचा दात सहावरून तीनवर, रक्त नाही. उपदाढ सातावरून चारवर, रक्त नाही. दाढ सातावरून सहावर, आणि रक्त येतंच होतं. फ्लॅप फक्त त्या दाढेच्या भागात केला. बाकी दोन ठिकाणी टाके पडले नाहीत, हिरडी सोलली गेली नाही. सरळ शस्त्रक्रिया केली असती तर तिथेही ते सगळं सोसावं लागलं असतं.

दाढच का राहिली? तिला दोन मुळं आहेत, आणि ती जिथे फुटतात त्या फाट्यात हाड विरलं होतं. या फाट्याचं तोंड बऱ्याचदा एक मिलीमीटरपेक्षाही अरुंद असतं आणि क्युरेटचं पातं जवळजवळ तेवढंच रुंद. डोळ्यांनी न दिसणाऱ्या जागी, बोटांच्या अंदाजाने, तिथे नीट पोचणं अवघडच. हिरडी उघडल्यावर फाट्याच्या छताखाली चिकटलेला काळपट कीट समोर दिसला. मी स्वतः साफ केलेल्या दाढेत. फ्लॅपचं खरं काम हेच आहे: मूळ डोळ्यांसमोर आणणं. त्यात वेगळी जादू नाही. हिरडी उघडून आपण तेच मूळ, तोच कीट, जवळपास त्याच हत्यारांनी साफ करतो. सोबत तिथलं रोगट मांस काढतो, गरज पडली तर हाडाची कड सारखी करतो, आणि टाके घालतो.

म्हणून फेरमोजणीनंतरचा हिशेब साधारण असा असतो. चार-पाच मिलीमीटर आणि रक्त येत असेल, तर तेवढ्याच जागी परत रूट प्लेनिंग. सहा किंवा जास्त उरलं, तर फ्लॅपचा विचार. हाड उभं खचलेलं असेल, म्हणजे दाताच्या कडेने तीन मिलीमीटर वा जास्त खोल खाच असेल, तर हाड भरून येण्याची शस्त्रक्रिया चालते का, ते बघावं लागतं. आणि एक उलटी बाजूही आहे: उथळ पॉकेटवर उगाच शस्त्रक्रिया केली तर दाताला धरून असलेला आधार थोडा कमीच होतो. म्हणून सगळं तोंड एकदाच उघडा, या मागणीला मी नाही म्हणतो.

आता ती तीन महिन्यांची वाट. तिचा दुसरा उपयोग कमी सांगितला जातो. घरी ब्रश आणि दातांमधला छोटा ब्रश नीट फिरतोय का, बिडी-सिगारेट सुटली का, साखर ताब्यात आली का, हे त्या काळात दिसतं. हिरडीकडेला रोज थर साचतच असेल तर फ्लॅप करूनही पॉकेट परत खोल होतं. काही वेळा आधीपेक्षा वाईट. त्या गृहस्थांच्या दोन दाढांमध्ये पहिल्या फेरमोजणीला थर होता, म्हणून टाके घालायची तारीख मी आणखी तीन आठवडे पुढे ढकलली. ते चिडले होते.

तुमच्या तक्रारीतलं मला पटलेलं सांगतो. फाट्यात हाड गेलेली खोल दाढ असेल तर पहिल्याच दिवशी म्हणायला हवं: ‘सफाई करू, पण या जागी बहुधा उघडावं लागेल, खर्चही तसा धरा.’ तुमच्या वडिलांना हे कुणी सांगितलं नसेल तर चूक तिथे झाली. आणि सफाईनंतर सगळ्या जागा परत मोजून कागदावर न उतरवता थेट फ्लॅपची तारीख दिली असेल, तर ती दुसरी चूक.

साखळीच्या गृहस्थांची ती दाढ सहा महिन्यांनी चारवर आली. हिरडी मात्र खाली बसली, फाट्याचं तोंड उघडं पडलं आणि गार पाणी झोंबतं. शस्त्रक्रियेने सूज जाते, विरलेलं हाड बहुतेक ठिकाणी परत येत नाही. आता माशाचा काटा तिथे अडकतो, म्हणून रोज रात्री छोटा ब्रश आडवा फिरवतात आणि दर तीन महिन्यांनी मोजायला येतात.

वडिलांच्या फाईलमध्ये दोन तक्ते आहेत का, सफाईआधीचा आणि नंतरचा, तेवढं बघाल का? असतील तर फक्त आकडे आणि दाताची जागा इथे लिहा, नाव नको. कुठल्या जागी फ्लॅप झाला ते त्यावर ठेवून पाहू.