9/2 ला हजर

टॉवेल परदेशी पाठवणाऱ्या कारखान्यात कागदपत्रं सांभाळणाऱ्या माणसाने लांबलचक रजा मागितली, की साहेबांना आधी त्याच्या मेलची काळजी वाटते. मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही नवराबायको पुण्याला निघालो होतो. रजा शनिवार, 7 फेब्रुवारीपर्यंत. जीमेलच्या ऑटो-रिप्लायमध्ये शेवटची तारीख मी 8 घातली, कारण त्या दिवशी मध्यरात्री उत्तर आपोआप बंद पडतं. 7 घातली असती तर रविवारी मेल करणाऱ्याला नुसतीच शांतता मिळाली असती.

मजकूर साधा होता : मी रजेवर आहे, सोमवार, 9 फेब्रुवारीला हजर होईन, तातडीचं काम असल्यास डिस्पॅचच्या अण्णांना लिहा. खाली अण्णांचा मेल आणि फोन. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "एवढं कोण वाचतंय वो? आटपा की." आणि स्वतःच्या हाताने केलं : 9/2.

अमेरिकेत महिना आधी लिहितात. तिथल्या गिऱ्हाइकाने 9/2 म्हणजे 2 सप्टेंबर असं वाचलं आणि मला भलंमोठं पत्र धाडलं. आजार काय आहे ते त्याने सभ्यपणे विचारलं नव्हतं, पण 'कुटुंबाला धीर मिळो' असं होतं. शेवटी एक ओळ : कंटेनरचं बिल ऑफ लेडिंग कुठं आहे?

त्याने अण्णांना लिहिलं. तारीख होती 13 जानेवारी. सोलापुरात सिद्धेश्वराच्या यात्रेत अक्षता सोहळा असताना अण्णा ऑफिसात सापडतील, ही कल्पना फक्त अमेरिकेतच सुचू शकते. नंदीध्वज पेलणारा माणूस तो. त्यांचाही ऑटो-रिप्लाय लागलेला : 'यात्रेनिमित्त रजेवर, तातडीचं असल्यास यांना लिहा.' यांना म्हणजे मला! माझा मजकूर अण्णांनी जसाच्या तसा उचलून फक्त नावं उलटी केली होती.

बिचाऱ्याने मला परत लिहिलं. आता काहीच उत्तर नाही, कारण जीमेल एकाच माणसाला चार दिवसांत एकदाच असा जबाब देतं. आदल्या दिवशी दिलेला होता. पलीकडे त्याला वाटलं असणार, झालं ते झालं.

शेवटी त्याने साहेबांना फोन केला, आपल्या रात्री अडीच वाजता. साहेबांनी मला उठवलं. "अण्णांना सुट्टी कुणी दिली?"

"तुम्हीच, साहेब. सही आहे."

बराच वेळ पलीकडून फक्त पंख्याचा आवाज येत होता. मग म्हणाले, "ते उत्तर बदलता येतं का आत्ता?"

येतं. बदललं, की चार दिवसांचा हिशोबही नव्याने सुरू होतो. तारखेत 'फेब्रुवारी' अक्षरात घातलं आणि अण्णांच्या जागी साहेबांचा नंबर.