दिरहमाला दहा पानं

"७५१ साली तलासच्या लढाईत अरबांनी चिनी कारागीर कैद केले आणि कागदाचं गुपित काढून घेतलं. मग खलिफाने बगदादला ज्ञानगृह बांधलं, पगारी लेखनिक बसवून जगातले ग्रंथ उतरवून घेतले. कागद स्वस्त, म्हणून पुस्तकं सगळ्यांच्या हाती गेली आणि ज्ञान आपोआप पसरलं."

हा मजकूर फॉरवर्ड होत फिरतो. त्यातल्या लढाईपासूनच धरू. कैद्यांनी समरकंदला कागद आणला ही हकिगत सआलिबी नावाच्या लेखकाकडून आपल्यापर्यंत येते. तो वारला १०३८ मध्ये, म्हणजे लढाईला तोवर पावणेतीनशेहून जास्त वर्षं झाली होती. याउलट दू हुआन नावाचा एक चिनी त्याच लढाईत खरोखर पकडला गेला होता. ७६२ मध्ये तो समुद्रमार्गे मायदेशी परतला आणि त्याने आपल्या प्रवासाबद्दल लिहिलं. त्यातले जे तुकडे उरलेत त्यांत तो अरबांकडे पाहिलेले चिनी कारागीर मोजून सांगतो: रेशीम विणणारे, सोन्याचांदीचं काम करणारे, चित्रकार. कागद करणारा त्यात एकही नाही.

लिहिलं नाही म्हणजे नव्हतेच असं नाही, हे मान्य. पण समरकंदच्या पूर्वेला, जराफशान नदीच्या वरच्या खोऱ्यात मुग नावाच्या डोंगरावर एक किल्ला होता. तिथे पंजिकंदचा सोग्दी राजा देवाश्तीच याचं दप्तर सापडलं आहे. अरबांनी त्याला ७२२ मध्ये मारलं. त्या दप्तरात कातड्यावरची आणि लाकडावरची पत्रं आहेत, तशी कागदावरचीही आहेत. काही कागद तर चिनी लिखाणाच्या कोऱ्या पाठीवर लिहिलेले. म्हणजे तलासच्या तीस वर्षं आधीच त्या भागातल्या कारकुनाला कागद ठाऊक होता. व्यापारी सोग्दी लोक तो चौथ्या शतकापासून वापरत होते. गुपित कसलं?

खुद्द बगदादमध्येही याबद्दल एकमत नव्हतं. ९८७-८८ च्या सुमारास पुस्तकांची प्रचंड सूची करणारा इब्न अन-नदीम लिहितो की खुरासानी, म्हणजे पूर्व इराणकडच्या खुरासान प्रांतातला, कागद जवसाच्या धाग्यांचा असतो. तो उमय्या खलिफांच्या काळात आला असं काही म्हणतात, त्यांच्यानंतरच्या अब्बासी खलिफांच्या काळात असं दुसरे म्हणतात, आणि चीनहून आलेल्या कारागिरांनी तो खुरासानात केला असंही सांगतात. त्याने तिन्ही मतं नोंदवली आणि पुढे गेला. फॉरवर्ड करणाऱ्यांनी त्यातलं एक उचलून त्याला लढाई जोडली.

कागद बगदादला रुजला तो दफ्तरखान्यामुळे. तोवर सरकारी कामकाज पपायरसवर आणि चर्मपत्रावर चाले. पपायरसवरची शाई धुऊन काढता येते, चर्मपत्रावरची खरवडता येते. कागदात शाई मुरते, खाडाखोड केली की डाग दिसतो. महसुलाच्या वहीत आकडे फिरवणाऱ्यांवर याहून चांगला पहारा नाही. दफ्तरात कागद आणण्याचं श्रेय चौदाव्या शतकातला इतिहासकार इब्न खल्दून हा खलिफांच्या वजिरांच्या बर्मकी घराण्यातल्या फजल इब्न यह्या याला देतो. इब्न अन-नदीम कागदाच्या जाती सांगतो त्या ऐका: सुलेमानी, तल्ही, नूही, फिरऔनी, जाफरी, ताहिरी. बहुतेक नावं सुभेदारांची आणि कारभाऱ्यांची आहेत, विद्वानाचं एकही नाही. गिऱ्हाईक कोण होतं ते नावांतच दिसतं.

'स्वस्त' म्हणण्याआधी हा कागद होत कसा असे तेही पाहायला हवं. कच्चा माल म्हणजे जवसाच्या कापडाच्या चिंध्या, अंबाडीसारख्या भांगेच्या धाग्याचे जुने दोर. ते सोडवायचे, चुन्याच्या पाण्यात भिजत घालायचे, धुवायचे, आणि धागा मोकळा होईपर्यंत कुटायचे. मग तो लगदा पाण्यात कालवून गवताच्या काड्यांच्या चाळणीवर उचलायचा, निथळून वाळवायचा. एवढं करूनही त्यावर लिहिता येत नाही. शाई टीपकागदावर पसरावी तशी पसरते. म्हणून गव्हाची खळ लावायची आणि दगडाने किंवा काचेने घोटून गुळगुळीत करायचं. त्या काळचा कागद उजेडासमोर धरला तर काड्यांच्या रेघा दिसतात. पुढे युरोपी कारखाने टाकू लागले तसली जलमुद्रा त्यात नसते. चर्मपत्रासाठी जनावर लागे, याला चिंध्या पुरत, इतपत तो स्वस्त. फुकट नव्हे.

ज्ञानगृहाचं दोन वाक्यांत आटपतो. बैत अल-हिक्मा होतं, ते राजवाड्याचं ग्रंथालय होतं आणि तिथे नकला होत. अल्लान अश-शुऊबी तिथे हारून आणि मामून या खलिफांसाठी आणि बर्मकींसाठी नकला करी, अशी नोंद आहे. पण राजासाठी नक्कल करणं वेगळं आणि गावात पुस्तक फिरणं वेगळं. ग्रीक ग्रंथांचा सर्वांत नावाजलेला भाषांतरकार हुनैन इब्न इसहाक याने गॅलेन या ग्रीक वैद्याच्या ग्रंथांची यादी देताना कोणतं भाषांतर कोणासाठी केलं ते लिहून ठेवलंय. त्यात ओळीने येतात ते वैद्य आणि बनू मूसा भावांसारखे खासगी धनिक. हे भाऊ भाषांतरकारांवर महिन्याला सुमारे ५०० दिनार खर्च करत.

पुस्तकं फिरत होती ती बाजारात. याकूबी या भूगोलकाराने नवव्या शतकाच्या शेवटी बगदादचं वर्णन केलं, त्यात वर्राकांची शंभराहून जास्त दुकानं मोजली आहेत. वर्राक हा शब्द 'वरक' म्हणजे पान यावरून आला. आपण मिठाईवर चांदीचा वर्ख लावतो तो हाच. वर्राक कोरा कागद विके, नक्कल करून देई, बांधणी करवून घेई, जुनी पुस्तकं विकत घेई आणि विके. जाहिज हा बसऱ्याचा लेखक वाचनाचा इतका वेडा की वर्राकाचं दुकान रात्रीपुरतं भाड्याने घेऊन आत वाचत बसे. पुस्तक विकत घेण्यापेक्षा दुकान भाड्याने घेणं त्याला परवडत असावं, असा माझा तर्क.

या बाजाराचा स्वभाव कळायला अल-फर्राची हकिगत पुरे. हा मोठा व्याकरणकार, मामूनच्या मुलांचा शिक्षक, ८२२ मध्ये वारला. कुराणाच्या अर्थांवरचा ग्रंथ त्याने मजलिसमध्ये, म्हणजे जाहीर बैठकीत, तोंडी सांगितला आणि लोकांनी उतरवून घेतला. त्या काळी ग्रंथ प्रसिद्ध होण्याची हीच रीत होती: एक बोलणारा, समोर लेखण्या सरसावलेले शेकडो. त्या बैठकीला आलेले लोक मोजता येईनात म्हणून नुसते काझी मोजले, ते ८० भरले.

ग्रंथ पुरा झाला तसा वर्राकांनी तो दाबून ठेवला. हवा असेल त्याला नक्कल करून देऊ, पण पाच पानांना एक दिरहम, म्हणजे चांदीचं एक नाणं, घेऊ, असं सांगितलं. पान म्हणजे दोन्ही बाजूंनी लिहायचा एक कागद. लोक फर्राकडे तक्रार घेऊन गेले. त्याने वर्राकांना समजावलं की जरा कमी घ्या, तुमचंही भागेल आणि त्यांचंही. ते ऐकेनात. मग त्याने जाहीर केलं की आता मी याच विषयावर आणखी सविस्तर ग्रंथ सांगणार. बसला, आणि कुराणातल्या पहिल्या, फातिहा नावाच्या एकट्या सुऱ्याचं विवरण १०० पानं सांगितलं. सात आयतींना शंभर पानं! वर्राकांच्या हातातला माल त्याच क्षणी जुना झाला. ते धावत आले आणि दिरहमाला दहा पानं या दराने तयार झाले.

इथे कोणी खलिफा मध्ये पडलेला नाही. लेखकाकडे स्वामित्वहक्क नव्हता, नकलेतून त्याला दमडी मिळत नव्हती. त्याच्या हातात एकच हत्यार होतं, पुन्हा तोंड उघडण्याचं. आणि दर निम्म्यावर आला तो कागद स्वस्त झाला म्हणून नाही. कागद कालचाच होता. महाग होती ती माणसाची मेहनत आणि एकच प्रत हाती असल्याची मक्तेदारी.

मेहनत किती, याचाही अंदाज बांधता येतो. यह्या इब्न अदी हा ख्रिस्ती तत्त्वज्ञ ९७४ मध्ये वारला. इब्न अन-नदीमने एकदा वर्राकांच्या बाजारात त्याला टोकलं की फार नकला करत बसतोस. तो म्हणाला, तबरी या विद्वानाचं कुराणभाष्य मी माझ्या हाताने दोनदा उतरवून लांबच्या राजांकडे नेलंय, आणि एका दिवस-रात्रीत १०० पानं लिहितो, तरी कमीच वाटतं. हे भाष्य सुमारे ३,००० पानांचं असल्याचं जुनी हकिगत सांगते. म्हणजे रोज १०० पानं धरली तरी एका प्रतीला पुरता महिना, तोही रात्री जागून. एका ख्रिश्चनाने कुराणभाष्य उतरवावं यात त्या बाजाराला काही वावगं वाटलं नाही, हेही जाता जाता.

त्याच शतकात सिराफी नावाचा काझी रोज कचेरीत जाण्याआधी दहा पानं लिहून दहा दिरहम मिळवी आणि त्यावर त्याचं घर चाले. विद्वानाचा हात, म्हणून दर पानाला एक दिरहम. या दराने तबरीची प्रत ३,००० दिरहमांना, म्हणजे काझीच्या ३०० दिवसांच्या पोटापाण्याइतकी. फर्राच्या काळचा उतरलेला दर लावला तर ३०० दिरहम. दोन दरांत दीडशे वर्षांचं अंतर आहे, तेव्हा हा हिशोब ढोबळच. पण दोन्ही टोकांना पुस्तक ही ऐपतीची गोष्ट राहते. 'सगळ्यांच्या हाती' कुठे?

राहिलं 'आपोआप'. बाजाराची नक्कल जितकी भराभर होई तितक्या चुका साठत. जाहिज वैतागून लिहितो की गळलेला एक शब्द दुरुस्त करण्यापेक्षा दहा पानं नवी लिहिणं लेखकाला सोपं जातं. मग तीच प्रत दुसऱ्या नक्कलकाराकडे जाते आणि तो आधीच्या चुका ठेवून आपल्या चुका घालतो. म्हणून विद्वान नुसत्या विकतच्या प्रतीवर विसंबत नसत. हदीस, म्हणजे पैगंबरांची वचनं, लिहिणारे प्रत्येक हदीसच्या शेवटी एक गोल काढत. मूळ प्रतीशी ताडून पाहिलं की त्या गोलात टिंब देत. गोल रिकामा दिसला तर समजावं, इथवर कोणी तपासलेलं नाही. पुढची पायरी म्हणजे ग्रंथ लेखकासमोर किंवा त्याच्या शिष्यासमोर वाचून दाखवायचा आणि शिकवण्याची परवानगी घ्यायची. कागद पुस्तक पोचवत होता, त्याला विश्वासार्ह करायला मात्र समोरासमोर बसावं लागे. कुराण तर बराच काळ चर्मपत्रावरच राहिलं. कागदावरची आज माहीत असलेली सर्वांत जुनी तारीखवार प्रत ९७२ च्या आसपासची आहे.

हुनैनलाही हेच भोगावं लागलं. गॅलेनचा एक ग्रंथ त्याने विशीत एका सदोष ग्रीक प्रतीवरून भाषांतरित केला होता. चाळिशीच्या सुमारास त्याच्या शिष्याने तो सुधारून मागितला, तोवर हुनैनने बऱ्याच ग्रीक प्रती जमवल्या होत्या. त्या एकमेकींशी ताडून त्याने आधी शुद्ध ग्रीक पाठ तयार केला आणि मगच अरबी दुरुस्त केलं.

त्याच्या भाषांतरांच्या प्रती अजरक नावाचा नक्कलकार लिही. चारशे वर्षांनी इब्न अबी उसैबिया या वैद्य-चरित्रकाराने त्यातल्या बऱ्याच स्वतः पाहिल्या. जाड कूफी अक्षरं, विरळ ओळी आणि नेहमीच्या दुप्पट-तिप्पट जाडीचा कागद. त्याच्या मते हुनैनने हे मुद्दाम केलं, कारण मोबदला पुस्तकाच्या वजनाइतके दिरहम असा होता. आणि कागद इतका जाड होता म्हणूनच, तो म्हणतो, या प्रती एवढी वर्षं टिकल्या.