6 मिनिटाला एक येतो म्हणून रांग लागत नाही? असं नसतंय

पुस्तकातल्या रांगेच्या गणिताचा फोटो लावून एक मेसेज फिरतोय:

"तासाला 10 गिऱ्हाइकं येतात, काउंटरवरचा तासाला 12 उरकतो. म्हणजे दर 6 मिनिटाला एक येणार आणि हा 5 मिनिटात मोकळा. थांबायचा वेळ शून्य! पुस्तकात 25 मिनिटं छापलंय ते चूक, सूत्राने तर 30 येतंय. फोटो बघा आणि पुढं पाठवा."

पहिलं म्हणजे, फोटोत गणिताची वरची ओळ कापली गेलीय. येणं पॉयसन, म्हणजे सरासरी ठरलेली पण कोण कधी येईल त्याचा नेम नाही, आणि सर्व्हिसचा वेळ एक्स्पोनेन्शियल, म्हणजे तोही सरासरीभोवती कमीजास्त, असं त्या ओळीत असतंय आणि सगळं गणित तिच्यावरच उभं आहे. घड्याळ लावून बरोबर 6 मिनिटांनी एकेक आला आणि प्रत्येकाला बरोबर 5 मिनिटं लागली तर शून्य खरंच, ते मी मान्य करतो.

पण 6 ही सरासरी आहे. राजारामपुरीतल्या कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात उभं राहून बघा, पोरं टोळीनंच येतात. समजा 9:00, 9:01, 9:02 ला तिघं आले आणि चौथा थेट 9:18 ला. तीन अंतरं, बेरीज 18, सरासरी बरोबर 6. प्रत्येकाला 5 मिनिटं धरली तरी दुसरा 4 मिनिटं थांबला, तिसरा 8, आणि 9:15 ते 9:18 दुकानदार रिकामा बसला. ती रिकामी 3 मिनिटं साठवून गर्दीत वापरता येत नाहीत, रांग तयार होते ती यामुळंच. इथं तर सर्व्हिसचा वेळही कमीजास्त होतोय, म्हणजे अजून भर.

आता 25 कुठनं आलं. काउंटर 10/12 म्हणजे 6 पैकी 5 भाग वेळ बिझी असतोय, म्हणून न थांबता नंबर लागतो तो सहांतल्या एकाचाच. तासाला येणारे λ = 10 आणि तासाला उरकणारे μ = 12 धरले तर दुकानात सरासरी माणसं λ/(μ − λ) = 10/2 = 5. नवीन येणाऱ्याला सरासरी एवढीच पुढं दिसतात आणि प्रत्येकाचे सरासरी 5 मिनिटं, झाले 25. ज्याचं काम चालू आहे त्याचेही पूर्ण 5 का धरले? एक्स्पोनेन्शियलमध्ये आधी किती वेळ गेला याला किंमत नसते, उरलेला वेळ सरासरी तेवढाच राहतोय. खाली Wq म्हणजे रांगेतलं थांबणं, W म्हणजे दुकानातला एकूण वेळ.

```
Wq = λ / (μ(μ − λ)) = 10/24 तास = 25 मिनिटं
W  = 1 / (μ − λ)    = 1/2 तास   = 30 मिनिटं
```

म्हणजे 30 पण बरोबरच आहे, फक्त ते रांगेतलं थांबणं अधिक स्वतःचं काम असं मिळून आहे. प्रश्नात रांगेतला वेळ विचारलाय का दुकानातला एकूण वेळ, तेवढं नीट वाचा. दोन्हीतला फरक नेहमी एका सर्व्हिसएवढाच, इथं 5 मिनिटं, तो जुळला नाही तर कुठंतरी मिनिटं आणि तास मिसळलेत.

हे सगळं काउंटर बराच वेळ चालू असताना लागू आहे, शटर उघडल्या उघडल्या नाही. आणि तासाला 10 च्या जागी 11 आले, म्हणजे एकच माणूस वाढला, तर रांगेतलं थांबणं 11/12 तास, 55 मिनिटं.